निकाल लागला, आता कागदांना हात लावू नका

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची खरी धावपळ जून-जुलैत. मधले दिवस पेढे वाटायला आणि लग्नाच्या पंगती उठवायलाच असतात. यवतमाळकडे पारा 44 वर असताना कागदांसाठी कोण हिंडतो? पोराला कूलरसमोर झोपू द्या.

ओबीसीत असाल, तर जात पडताळणीचा विषय घरात काढूच नका. कॉलेजनं अकरावीतच अर्ज भरायला सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही कापूस वेचणीत होता. बरोबरच केलंत. जातीचा दाखला कपाटात आहे ना? वैधता प्रमाणपत्र हा वेगळा कागद असतो, हे जुलैत कळलं तरी चालेल.

पुराव्याचीही चिंता नको. 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची जातीची नोंद लागते, एवढंच. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल-खारीजचा उतारा, नसतील गेले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक शोधायचं. आता दाखल-खारीजमध्ये आजोबा ‘महादू’, सातबाऱ्यावर ‘महादेव’ आणि तुमच्या टीसीवर ‘महादेवराव’ निघाले, तर घाबरण्यासारखं काय आहे? तिन्ही एकच माणूस, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ते शपथपत्रावर लिहून द्यायची गरज काय? समिती त्रुटी काढेल तेव्हा बघू.

चुलतभावाच्या पोरीकडे वैधता प्रमाणपत्र आहे म्हणता? वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातलं असं एक प्रमाणपत्र वंशावळीसोबत जोडलं, की काम बरंच हलकं होतं. पण त्याच्याशी तुमचं धुऱ्यावरून वाजलंय. एकीकडे पोराची सीट, एकीकडे वीतभर धुरा. धुरा सोडू नका.

नॉन-क्रिमीलेअर मात्र तुम्ही काढून, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. शाब्बास! खाली बारीक अक्षरात 31 मार्चपर्यंतची मुदत लिहिलेली असते, ती उगाच वाचू नका. मृग लागून पेरणीची घाई सुरू झाली, की मग नव्यासाठी सेतूत जा. “सर्वर डाऊन हाय नं भाऊ, उद्या या,” असं तिथला पोरगा प्रेमानं सांगेल. उद्या तुमच्या पुढं अर्धा तालुका उभा असेल. रांगेत बियाण्याच्या भावावर चर्चा करता येते, हाही फायदाच.

कागद तपासणीत पडताळणीच्या अर्जाची पोचपावती तात्पुरती चालून जाते. ती मिळाली की जिंकलो समजा, मूळ प्रमाणपत्र कधीपर्यंत द्यायचं ती तारीख विचारू नका. तारीख उलटली की पोरगा आपोआप खुल्या प्रवर्गात ढकलला जातो आणि यादीत त्याचं नाव दिसेनासं होतं. मग पानठेल्यावर बसा आणि आरक्षणाचा काही उपयोग नसतो, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून द्या.