ग्रुप लायब्ररी केली म्हणजे संदर्भ एकसारखे झाले, असं नाही

«झोटेरोत एकदा ग्रुप लायब्ररी केली आणि टीममधल्या सगळ्यांना जोडून घेतलं, की नोंदी आपोआप एकसारख्या राहतात. कुणी कुठूनही साइट करा, संदर्भसूची एकच येते. डुप्लिकेट दिसलं तर एक उडवून टाका, विषय संपला.»

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल दिला जाणारा हा सल्ला. त्यातल्या ‘कुठूनही साइट करा’ या भागामुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून आधी तेच घेते. आपल्या My Library मधली, म्हणजे खासगी लायब्ररीतली नोंद ओढून ग्रुपमध्ये टाकली की तिथे तिची स्वतंत्र प्रत तयार होते. त्यानंतर तुम्ही तुमच्याकडे वर्ष दुरुस्त केलंत, तरी ग्रुपमधलं वर्ष चुकीचंच राहतं. तीच नोंद पुन्हा ओढून टाकली तरी दुरुस्ती तिकडे पोचत नाही. झोटेरोच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आम्ही तिघी मिळून एक अहवाल लिहीत होतो. देशपांडे यांचा 2019 चा एकच लेख मी ग्रुपमधून साइट केला होता आणि सहकारी मैत्रिणीने तिच्या My Library मधून. प्रकरणं एकत्र केल्यावर मजकुरात कुठे ‘देशपांडे, 2019a’ तर कुठे ‘देशपांडे, 2019b’ दिसायला लागलं आणि सूचीत तोच लेख दोनदा आला. एका लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख वेगळे ओळखता यावेत म्हणून एपीए शैली ही अक्षरं लावते. त्या वर्षाचा एकच लेख वापरलेला असताना ती दिसली, तर नोंद दोन ठिकाणांहून आली आहे असं समजा. आकड्यांच्या शैलीत अक्षरं नसतात, तिथे एकाच लेखाला दोन क्रमांक मिळतात.

खात्री करायची असेल तर वर्डमध्ये Alt+F9 दाबा. साइटेशनच्या जागी फील्डचा कोड उघडतो. आमच्या दोन साइटेशनमध्ये हा फरक होता (आकडे आणि खुणा इथे बदलल्या आहेत):

```
http://zotero.org/groups/1234567/items/AB3CD4EF
http://zotero.org/users/7654321/items/GH5JK6LM
```

`groups` म्हणजे ग्रुपमधली नोंद आणि `users` म्हणजे कुणाच्या तरी खासगी लायब्ररीतली. खासगी नोंद बाकीच्यांच्या झोटेरोला दिसतच नाही. त्यांच्याकडे कागदपत्र उघडलं की त्यात साठवलेली जुनी माहितीच वापरली जाते, म्हणून ग्रुपमध्ये कितीही दुरुस्त्या केल्या तरी ते साइटेशन बदलत नाही. दोन लायब्रऱ्यांमधल्या नोंदी एकमेकींत मिसळताही येत नाहीत. आम्ही पुन्हा Alt+F9 दाबून कोड बंद केले आणि `users` असलेलं प्रत्येक साइटेशन उघडून, जुनी नोंद काढून ग्रुपमधली घातली. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. पुढे असं होऊ नये म्हणून साइट करताना शोधाच्या यादीतली शीर्षकं बघायची सवय लावा. My Library आणि ग्रुपचं नाव तिथे वेगवेगळं दिसतं. लेख आधी वापरलेला असेल तर वरच्या Cited खालचाच निवडा.

आता ‘आपोआप एकसारख्या’बद्दल. सिंक फक्त नोंद पोचवतं, ती तपासत नाही. एकीने लेखिकेचं नाव ‘एस. देशपांडे’ भरलं आणि दुसरीने दुसऱ्या लेखासाठी ‘एस. आर. देशपांडे’, तर एपीए शैली या दोन व्यक्ती समजते आणि मजकुरात आडनावाआधी आद्याक्षरं लावू लागते. नाव कसं भरायचं हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. इंग्रजी शीर्षकांचंही तसंच. ती वाक्यासारखी, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून लहान लिपीत ठेवा. गरज पडली तर शैली अक्षरं मोठी करून घेते, पण सगळीकडे मोठी असलेली लहान करणं तिला जमत नाही. शीर्षकावर राइट क्लिक करून Transform Text मधून Sentence case निवडा आणि मग विशेषनामं डोळ्यांनी तपासा, कारण ती चुकून लहान होऊ शकतात.

आणि डुप्लिकेट ‘उडवून टाका’ हे तर अजिबात करू नका. उडवलेली नोंद कुणाच्या तरी प्रकरणात साइट केलेली असली, तर त्या साइटेशनचा दुवा तुटतो. ते दिसायला जागेवर असतं, म्हणून चटकन कळत नाही. त्याऐवजी ग्रुपखालच्या Duplicate Items मध्ये जा, दोन्ही नोंदी निवडा, कुठल्या नोंदीतली माहिती ठेवायची ते ठरवा आणि Merge करा. मग जुन्या नोंदीची ओळख नव्या नोंदीत राहते आणि दोघींपैकी कुठलीही साइट केलेली असली तरी कागदपत्र तिला शोधून काढतं. एकीचा प्रकार ‘पुस्तक’ आणि दुसरीचा ‘अहवाल’ असेल तर मिसळता येत नाहीत. आधी प्रकार सारखा करून घ्यावा लागतो.