ब्रँडच्या नावाचा सर्च वाढतो कशाने, आणि ती वाढ मोजायची कशी

> «व्हिडिओ आणि रील्सच्या जाहिराती म्हणजे पैशाचा धूर. क्लिक कुणी करत नाही. विक्री कुठून येते ते ॲनालिटिक्स उघडून बघा: ब्रँडच्या नावाच्या सर्चमधून. नाव शोधणारे लोक आपल्याला आधीपासून ओळखणारेच असतात, व्हिडिओचा त्यात काही हात नाही. आणि असलाच तरी तो मोजता येत नाही. व्हिडिओ बंद करा, ते पैसे ब्रँड कीवर्डवर लावा.»

ही पोस्ट मला तीन ओळखीच्यांनी पाठवली. त्यातल्या एकाने ती वाचून व्हिडिओचे बजेट थांबवलेसुद्धा, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो आहे.

क्लिकपासून सुरुवात करू. रील बघणाऱ्याला पुढची रील बघायची असते आणि व्हिडिओ बघणाऱ्याला त्याचा व्हिडिओ. हातातले सोडून तो आपल्या साइटवर येत नाही. टीव्हीच्या पडद्यावर यूट्यूब बघणाऱ्याला तर क्लिक करण्याची सोयही जवळपास नसते. जाहिरात लागू पडली तर त्याच्या डोक्यात नाव राहते. तासाभराने किंवा दोन दिवसांनी तो ते नाव सर्चमध्ये टाकतो, बऱ्याचदा पुढे ‘रिव्ह्यू’ किंवा ‘किंमत’ जोडून. क्लिक न होणे हा अशा जाहिरातीचा स्वभावच आहे. त्यावरून ती वाया गेली की नाही, हे ठरत नाही.

ॲनालिटिक्सचा पुरावाही इथेच अडतो. दारावरच्या वहीत माणूस कोणत्या दाराने आत आला हे लिहिलेले असते, कुणाच्या सांगण्यावरून आला हे नसते. जाहिरात पाहून क्लिक न करणाऱ्याची ॲनालिटिक्सकडे नोंदच नसते (गूगल ॲड्सचे खाते जोडलेले असेल तर यूट्यूब जाहिरातींपुरता थोडा अपवाद आहे). तोच माणूस नंतर नाव शोधून आला की सगळे श्रेय सर्चच्या खात्यात जमा होते. म्हणजे ज्या अहवालात व्हिडिओचा परिणाम दिसूच शकत नाही, तोच अहवाल व्हिडिओचा परिणाम नसल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो आहे.

ओळखीच्या लोकांचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. जुने ग्राहक साइटचा पत्ता टाइप करत नाहीत, नाव सर्च करतात. त्यामुळे ब्रँड सर्चचा मोठा भाग जाहिरात असो वा नसो, येतच राहतो. प्रश्न त्या पायावर वर किती चढले, हा आहे. टीव्ही जाहिराती आणि ऑनलाइन सर्च यांचा संबंध संशोधकांनी तपासलेला आहे. जू, विल्बर, काउगिल आणि झू यांच्या २०१४ च्या अभ्यासात, आर्थिक सेवांच्या टीव्ही जाहिराती चालू असताना लोक सामान्य शब्दांऐवजी ब्रँडचे नाव टाकून जास्त शोधतात, असा संबंध दिसला.

हा फरक तुमच्याकडेही ढोबळपणे दिसतो. गूगल सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात क्वेरीला रेजेक्स फिल्टर लावा. समजा ब्रँडचे नाव ‘झुवानी’ आहे. लोक ते चुकीच्या स्पेलिंगने आणि दोन्ही लिप्यांत लिहिणार, म्हणून सगळी रूपे घ्यायची:

```
zuvani|zuvaani|zoovani|झुवानी|झूवानी
```

आता या यादीचे दोन भाग करा. ‘लॉगिन’, ‘ऑर्डर कुठे आहे’, ‘कस्टमर केअर’ असे शब्द जोडलेल्या क्वेरी जुन्या ग्राहकांच्या. ‘रिव्ह्यू’, ‘किंमत’, ‘कसे आहे’ या बहुतेक नवख्यांच्या. जाहिरात काम करत असेल तर दुसरा भाग आधी हलतो. आकडा घ्यायचा तो इंप्रेशनचा, म्हणजे निकालात आपण किती वेळा दिसलो त्याचा, क्लिकचा नाही, कारण आपल्याला शोधणारे मोजायचे आहेत. मात्र नाव एखाद्या रोजच्या शब्दासारखे असेल तर निव्वळ नावाचा आकडा भेसळीचा असतो. तेव्हा नाव आणि वस्तू असे जोडशब्दच मोजावेत.

आता मोजता येण्याचा प्रश्न. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे जाहिरातीच्या आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघणे. ती सर्रास वापरली जाते आणि तीच सर्वांत जास्त फसवते. हंगाम, सवलत, बातमी, प्रतिस्पर्ध्याची धांदल, काहीही मधे येते आणि सगळे श्रेय जाहिरात घेऊन जाते. यावर उपाय म्हणजे भूभाग वाटून केलेली चाचणी. काही भागांत जाहिरात दाखवायची, तशाच इतर भागांत दाखवायची नाही, आणि दोन्हीकडचा ब्रँड सर्च ताडायचा.

इथे पहिली अडचण अशी की सर्च कन्सोल देशापर्यंतच आकडे देते, त्याखालच्या प्रदेशांचे देत नाही. गूगल ट्रेंड्स प्रदेश दाखवते, पण ते नमुन्यावरून काढलेले ० ते १०० चे सापेक्ष आकडे असतात. लहान ब्रँडला तिथे नुसती शून्ये दिसतात. म्हणून मी गूगल ॲड्समधली ब्रँड कीवर्डची मोहीमच मोजपट्टी म्हणून वापरतो. नावाचे एग्झॅक्ट मॅच कीवर्ड घ्यायचे आणि चाचणीच्या भागांसाठी व तुलनेच्या भागांसाठी दोन वेगळ्या मोहिमा करायच्या. बोली आणि बाकी सेटिंग तंतोतंत सारखे, आणि बजेट कधी संपणार नाही इतके मोकळे. लोकेशनच्या पर्यायात `Presence` निवडायचे. दुसरा पर्याय ठेवला तर त्या भागात नसलेले, फक्त त्याबद्दल शोधणारे लोकही मोजले जातात आणि दोन्ही गट एकमेकांत मिसळतात.

नुसते इंप्रेशन पुरत नाहीत, कारण प्रत्येक सर्चला आपली जाहिरात दिसतेच असे नाही. म्हणून इंप्रेशनला `Search impr. share` ने भागायचे. आठवड्यात ३,६०० इंप्रेशन आले आणि शेअर ९० टक्के होता, तर सर्च झाले साधारण ४,०००. एग्झॅक्ट मॅच जवळपासची रूपेही पकडतो, म्हणून सर्च टर्म्सचा अहवाल दर आठवड्याला चाळावा आणि भलत्या क्वेरी निगेटिव्ह कराव्यात, दोन्ही मोहिमांत एकाच वेळी.

एक हिशोब करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. जाहिरातीआधीच्या आठ आठवड्यांत चाचणीच्या भागांत आठवड्याला सरासरी ४,००० ब्रँड सर्च होते आणि तुलनेच्या भागांत ५,०००. म्हणजे गुणोत्तर ०.८०. आठही आठवडे ते ०.७७ आणि ०.८३ च्या मधे राहिले. ही पडताळणी टाळू नका. गुणोत्तर आधीपासूनच उड्या मारत असेल तर भागांची जोडी चुकलेली आहे, आणि चाचणी सुरू करण्यात अर्थ नाही.

मग चार आठवडे व्हिडिओ फक्त चाचणीच्या भागांत चालला. तिथे आठवड्याची सरासरी ५,४०० झाली. आधी-नंतर बघणारा लगेच म्हणेल, ३५ टक्के वाढ. पण तुलनेच्या भागांतही, जिथे जाहिरात नव्हती, सरासरी ५,५०० झालेली आहे. हंगामाने सगळीकडेच हात दिला. जाहिरात नसती तर चाचणीच्या भागांत ५,५०० गुणिले ०.८०, म्हणजे ४,४०० सर्च झाले असते. झाले ५,४००. जाहिरातीची खरी वाढ आठवड्याला १,००० सर्च, म्हणजे सुमारे २३ टक्के. ३५ आणि २३ मधला फरक जाहिरातीचा नव्हता, तो हंगामाचा होता.

ही वाढ योगायोगाची आहे का? गुणोत्तर एरवी ०.०३ ने इकडेतिकडे होत होते, म्हणजे ५,५०० वर सुमारे १६५ सर्च. त्यापुढे १,००० हा आकडा स्पष्ट उठून दिसतो. वाढ १५० ची आली असती तर मी तिला वाढ म्हटलेच नसते. जास्त काटेकोर उत्तर हवे असेल तर याच आकड्यांवर मेटाचे ‘जिओलिफ्ट’ किंवा गूगलचे ‘कॉजलइम्पॅक्ट’ चालवता येते. दोन्ही मोफत आहेत आणि आर भाषेत चालतात.

जाहिरात थांबली म्हणून मोजणे थांबवू नका. समजा पुढच्या दोन आठवड्यांत तुलनेचे भाग ५,००० वर परतले आणि चाचणीचे भाग आधी ४,३०० वर, मग ४,१०० वर आले. अपेक्षा ४,००० ची होती, म्हणजे आणखी ४०० सर्च जाहिरातीचेच. एकूण जादा सर्च झाले ४,४००. व्हिडिओवर तुमच्या चलनात २,२०,००० खर्च झाला असेल, तर एक जादा सर्च ५० ला पडला. त्या ५० ला जुन्या ग्राहकांचा खरेदीदर लावून नफा काढू नये. नवखा माणूस चौकशीला आलेला असतो, तो कमी खरेदी करतो. त्याऐवजी ऑर्डरींचे आकडेही याच दोन गटांत, याच गुणोत्तराने तपासावेत.

चाचणी बिघडते ती बहुतेक तीन कारणांनी. चाचणी चालू असताना एकाच गटात सवलत किंवा दुसरी एखादी जाहिरात सुरू होते. लोक सीमेपलीकडे रोज ये-जा करतात आणि तुलनेच्या गटालाही जाहिरात दिसते, त्यामुळे वाढ खरीपेक्षा कमी दिसते. तिसरे कारण म्हणजे व्हिडिओ रिटार्गेटिंगच्या यादीवर चालवला जातो. साइटवर येऊन गेलेले लोक तसेही नाव शोधणारच होते. म्हणून चाचणीतून ती यादी आणि जुने ग्राहक वगळावेत.

मोठ्या खर्चाच्या यूट्यूब मोहिमांसाठी गूगलची स्वतःची सर्च लिफ्ट मोजणीही आहे. त्यात पात्र प्रेक्षकांचे यादृच्छिक दोन गट होतात, एकाला जाहिरात दिसते, दुसऱ्याला नाही, आणि दोघांचे गूगल व यूट्यूबवरचे सर्च ताडले जातात. सरसकट सगळ्या खात्यांना ती मिळत नाही.

राहिला ब्रँड कीवर्डवर पैसे वळवण्याचा सल्ला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. नावाचा कीवर्ड नवा सर्च निर्माण करत नाही, झालेल्या सर्चवर फक्त उभा राहतो. ईबेने २०१२ मध्ये याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या. ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस यांनी तो प्रयोग अभ्यासला आणि २०१५ मध्ये ‘इकोनोमेट्रिका’त छापला. गमावलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लगेच खालच्या फुकटच्या निकालातून परत आले. ईबे सर्वांना माहीत असलेले नाव होते. लहान ब्रँडच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर थोडा खर्च राखणीसाठी करावा लागतो. पण बजेट दुप्पट केल्याने नाव शोधणारे दुप्पट होत नाहीत. उलट व्हिडिओ थांबल्यावर काही आठवड्यांनी नवख्यांचे सर्च आटू लागतात, आणि ती घट इतक्या हळू येते की तिचे कारण कुणाला व्हिडिओत शोधावेसे वाटत नाही.

ज्या मित्राने बजेट थांबवले आहे, त्याला मी एवढेच सुचवले: सगळीकडे बंद ठेवू नकोस, निम्म्या भागांत पुन्हा सुरू कर आणि आधीचे आठ आठवडे हाताशी ठेव. सहा आठवड्यांनी दोन्ही भागांचे गुणोत्तर हललेले नसेल, तर त्याचा तो व्हिडिओ खरोखरच काही करत नव्हता, आणि मग तो उरलेल्या भागांतही बंद करावा.