नंबर जुळवा आणि रंगवा, म्हणे!

«परदेशात आपला हेअर डाय मिळत नाही म्हणून घाबरू नका. १) जुन्या बॉक्सवरचा नंबर बघा आणि तोच नंबर कुठल्याही कंपनीचा घ्या, जगभर एकच सिस्टिम असते. २) शंका आली तर एक शेड गडद घ्या, पांढरे नीट झाकले जातात. ३) काळ्या मेंदीची पाकिटं सोबत न्या. नैसर्गिक आहे, टेस्टची गरज नाही. ४) अमोनिया-फ्री असेल तर बिनधास्त वापरा.»

माझी मावशी लेकाकडे जर्मनीत राहायला गेली आहे. इथे ती ३.१६ बरगंडी लावायची. हा मेसेज तिला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला, आणि दुकानात उभं राहून तिने मला फोटो पाठवले: "बाळा, यातला सोळा कुठला?" माझं डोंबिवलीत पार्लर आहे, दिवसभर हेच काम. तरी असलं काही वाचलं की डोकं फिरतं.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते देऊन टाकते. टिंबाच्या आधीचा आकडा बहुतेक ठिकाणी गडदपणा सांगतो: १ काळा, ३ गडद तपकिरी, ५ फिकट तपकिरी, १० सगळ्यात फिकट सोनेरी. टिंबानंतर मात्र ज्याचा त्याचा कारभार. लॉरिआल आणि गार्निएच्या मोजणीत १ राखाडी आणि ६ लाल, म्हणून ३.१६ लालसर दिसतो. वेलाच्या सलॉनच्या रंगांत ६ म्हणजे जांभळा. श्वार्झकोफच्या इगोरात ६ चॉकलेटी, लाल हवा असेल तर ८ बघायचा. सियॉसच्या बॉक्सवर ३-१ म्हणजे साधा गडद तपकिरी, त्यात राखाडी काही नाही. अमेरिकेत रेव्हलॉन कलरसिल्कवर तर गडद तपकिरीला ३० लिहिलेलं असतं. कसली जगभर एक सिस्टिम!

मावशीला मी आकडे सोडून नावं वाचायला लावली. 'डुंकेल' म्हणजे गडद, 'रोट' म्हणजे लाल, 'व्हायोलेट' कळतंच. मग बॉक्सवर 'टोनुंग' लिहिलंय का ते बघायला सांगितलं. टोनुंग हळूहळू धुऊन जाते, पांढरेही पूर्ण झाकत नाही. ज्यांची सवय पक्क्या रंगाची, त्यांना महिन्याभरात वाटतं की शेडच चुकली, आणि मग पुढचा बॉक्स आणखी गडद आणतात.

इथेच दुसरा मुद्दा गोत्यात आणतो. रंगाने रंग उतरत नाही. फिकट झालं तर पुढच्या वेळी गडद करता येतं. गडद झालं तर वर फिकट डाय लावून काही होत नाही, ब्लीच नाहीतर कात्री. म्हणून शंका आली की एक पायरी फिकट.

डोक्याला लावण्याआधी कंगव्यात निघालेल्या केसांची बारीक बट एका टोकाला चिकटपट्टीने बांधा, त्यात पांढरे असलेच पाहिजेत. दोन्ही ट्यूबमधलं थोडं थोडं माहितीपत्रकातल्या प्रमाणात कालवा, दिलेला वेळ ठेवा, धुऊन पूर्ण वाळवा आणि खिडकीपाशी दिवसाउजेडी बघा. ओले केस गडदच दिसतात. उरलेल्या ट्यूब घट्ट बंद करून ठेवा, कालवलेलं मात्र टाकून द्या. मावशीच्या बटेतले पांढरे केस पहिल्या बॉक्सने चक्क वांग्याच्या रंगाचे झाले. दुसरा, लाल जास्त असलेला, जमला.

आता तिसरा, ज्याने मी खरी भडकले. मेंदीचं पान केस नारिंगी-लाल करतं, काळे नाही. वनस्पतीनेच काळे करायचे तर वर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. अर्ध्या तासात काळेभोर करणारी 'मेंदी' म्हणजे बहुतेक पीपीडी नावाचं, ॲलर्जी आणू शकणारं रसायन घातलेला डायच. पाकिटामागे बारीक अक्षरांत त्याचं पूर्ण नाव, पॅरा-फेनिलीनडायअमिन, शोधा. युरोपीय महासंघाचा सौंदर्यप्रसाधनांचा नियम, २००९ चा १२२३, केसांना लागणाऱ्या मिश्रणात हे २ टक्क्यांपर्यंतच चालवून घेतो. तिथल्या डायच्या बॉक्सवर इशारा छापलेला असतो: वापरण्याआधी ४८ तास टेस्ट करा, आणि पूर्वी काळ्या मेंदीच्या टॅटूने त्रास झाला असेल तर रंगवूच नका. म्हणजे ज्या वस्तूला हा मेसेज बिनधोक म्हणतो, तिचंच नाव धोक्याच्या यादीत आहे.

आणि "मी वीस वर्षं लावतेय" हे कारण चालत नाही. ॲलर्जी कितव्याही वेळी उपटते. शिवाय तिकडच्या बऱ्याच बॉक्समध्ये पीपीडीऐवजी त्याचंच भावंड, टोल्युइन-२,५-डायअमिन असतं, आणि एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. नवा ब्रँड, नवी टेस्ट: माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका, आणि दोन दिवस थांबा. खाज, लाली, फोड यातलं काहीही आलं तर तो बॉक्स वापरूच नका.

चौथ्याला एवढंच: अमोनियाच्या जागी बहुतेकदा इथेनॉलअमिन घालतात. वास जातो, पीपीडी राहू शकतं.