फेरफाराची नोटीस, भावाचं हक्कसोडपत्र आणि ‘हरकत’ हा शब्द

सरकारी नोटीस सोपी करून देतो असं म्हणणारे बरेच जण एकच गोष्ट करतात. मूळ वाक्य घेतात, जिथे स्वल्पविराम दिसेल तिथे एंटर मारतात. ओळी आखूड होतात, वाक्य मात्र तेच राहतं. वाचणाऱ्याला क्रियापदासाठी नवव्या ओळीपर्यंत जावं लागतं आणि तिथे पोचेपर्यंत पहिली ओळ डोक्यातून गेलेली असते.

आपल्या खान्देशात घरोघरी येणारा कागद म्हणजे फेरफाराची नोटीस. तीच घेऊन बघू. यावल तालुक्यातलं एक केळीचं शेत, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर भाऊ आणि बहीण दोघांची नावं. बहीण सासरी, शहाद्याकडे. तिच्या हातात साधारण असा मजकूर पडतो (साच्याबरहुकूम मी बांधलेला नमुना आहे):

“ज्याअर्थी, मौजे अमुक, ता. यावल येथील गट क्र. ११२/२, क्षेत्र १.२० हे.आर या मिळकतीबाबत नोंदणीकृत हक्कसोडपत्रान्वये फेरफार क्र. २३४१ ची नोंद घेण्यात आलेली असून सदरहू नोंदीत आपला हितसंबंध असल्याचे दिसून येते, त्याअर्थी आपली काही हरकत असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत निम्नस्वाक्षरीकाराकडे तोंडी अथवा लेखी कळवावी, अन्यथा सदर नोंदीस आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.”

आता शब्द सोपे करायच्या आधी एक प्रश्न विचारा: या बाईचं नाव सातबाऱ्यावर राहणार की निघणार? पूर्ण नोटीस चाळली तरी उत्तर सापडत नाही. ‘हितसंबंध’ या एका शब्दाखाली ते गाडलंय. म्हणून पहिलं काम भाषेचं नाहीच. फेरफार नोंदवहीतली, म्हणजे गाव नमुना सहामधली, ती नोंद उघडा आणि कोणाचं नाव लागतंय, कोणाचं कमी होतंय ते बघा. हे न बघता केलेली सोपी नोटीस दिसायला सुंदर आणि कामाला शून्य.

मग ती अशी होते:

तुमच्या शेताच्या कागदात बदल होणार आहे.
या बदलाला फेरफार म्हणतात.
शेताचा गट नंबर ११२/२ आहे.
तुमच्या भावाने तलाठ्याकडे एक कागद दिला आहे.
त्या कागदाचे नाव हक्कसोडपत्र आहे.
त्यात असे लिहिले आहे:
तुम्ही तुमचा हिस्सा भावाला सोडला.
ही नोंद पक्की झाली की
सातबाऱ्यावरून तुमचे नाव निघेल.

हे तुम्हाला मान्य नाही?
मग तलाठ्याला सांगा.
तोंडी सांगितले तरी चालते.
लिहून दिले तरी चालते.
शेवटची तारीख: १८ जून.

तुम्ही काहीच सांगितले नाही?
मग तलाठी असे समजेल:
तुम्हाला हे मान्य आहे.

यात ‘हरकत’ शब्द मुद्दाम टाळलाय. आपल्याकडे ‘काही हरकत नाही’ हे दिवसातून वीस वेळा नुसत्या सौजन्याने म्हटलं जातं. पाहुण्याला चहाला उशीर झाला तरी हरकत नाही, एस. टी. चुकली तरी हरकत नाही. त्या माणसाला कागदावर ‘तुमची हरकत आहे का?’ विचारलं की तोंडातून आपोआप काय निघणार? आणि इथे त्या सौजन्याची किंमत हिस्सा आहे. ‘मान्य आहे’ आणि ‘मान्य नाही’ यात असा गोंधळ होत नाही.

उलट ‘फेरफार’, ‘सातबारा’, ‘हक्कसोडपत्र’, ‘गट नंबर’ हे शब्द बदलू नका. चावडीवर गेल्यावर तिला हेच शब्द ऐकू येणार आहेत. कठीण शब्द कामाचा असेल तर ठेवा आणि पुढच्या ओळीत त्याचा अर्थ द्या. तलाठ्याचं अधिकृत पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कोणी तसं म्हणत नाही. कार्यालयाच्या पाटीवर नवं नाव असेल तर खाली एका ओळीत दोन्ही लिहा.

तारखेबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक इथेच होते. पंधरा दिवस मोजायचे ते नोटीस हातात पडल्यापासून, नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नाही. नोटीस २७ मेची आणि हातात पडली ३ जूनला, तर मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचं: ४ जून हा पहिला, १८ जून हा पंधरावा. म्हणून संगणकावर तारीख आधीच टाकून शंभर प्रती काढल्या तर सगळ्याच चुकीच्या निघू शकतात. दोन रिकाम्या जागा ठेवा, ‘नोटीस मिळाली’ आणि ‘शेवटची तारीख’, आणि देणाऱ्याने सही घेतानाच पेनाने भराव्यात. वाचणाऱ्याला बेरीज करायला लावू नका.

दुसरी चूक जास्त शिकलेले लोक करतात. सोपं करण्याच्या भरात लिहितात: ‘१५ दिवसांत या, नाहीतर जमीन जाईल.’ हे खोटं आहे. फेरफार ही महसुली नोंद. मालकीचा वाद मिटवणं हे दिवाणी कोर्टाचं काम, आणि नोंद प्रमाणित झाली तरी प्रांताकडे अपील करता येतं. गप्प राहिल्याने नोंद पक्की होते आणि पुढे चकरा वाढतात, इतकंच लिहायचं. घाबरवून आणलेला माणूस तलाठ्याशी भांडतो, मुद्द्याचं बोलत नाही.

मांडणीचं म्हणाल तर सोप्या वाचनासाठी अक्षर किमान १४ पॉइंट असावं असं युरोपातल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते रोमन लिपीपुरतं ठीक. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जागा खातात, त्यामुळे मधलं अक्षर बारीक दिसतं. १६ घ्या, ओळींतलं अंतर दीडपट. अधोरेखित तर अजिबात करू नका. ती रेघ थेट उकारावरून जाते, ‘सु’ आणि ‘सू’ सारखेच दिसायला लागतात. ठसठशीत करायची ती फक्त तारीख. डावी कड सरळ ठेवा, उजवी वेडीवाकडी राहू द्या. दोन्ही कडा जुळवायला गेलात की शब्दांमध्ये भोकं पडतात. ‘१८’ एका ओळीत आणि ‘जून’ दुसरीत, असं तर कधीच नको.

अहिराणीत लिहावं का, हा वाद दर वेळी निघतो. माझं मत: कागद मराठीतच हवा, कारण शाळेत वाचायला शिकलेली लिखावट तीच आहे, वाचून दाखवताना मात्र अहिराणीत बोला. सातपुड्याकडच्या पावरा, भिल्ल वस्त्यांत तर बोलणं त्यांच्याच भाषेत हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया.

तपासताना ‘समजनं का?’ विचारू नका. सगळे ‘हा’ म्हणतात. कागद उलटा करून तीनच गोष्टी विचारा: काय होणार आहे? तुम्ही काहीच केलं नाही तर काय होईल? कुठे जायचं, कधीपर्यंत? दोन-तीन जण एकाच प्रश्नावर अडले तर दोष त्या ओळीचा. तीच ओळ फोडून परत लिहा.

हा सोपा कागद मूळ नोटिशीला टाचून द्यायचा, तिच्याऐवजी नाही. कायद्याने बजावणी होते ती मूळ नोटिशीची. आणि एक ओळ शेवटी हवीच, बहुतेक जण ती विसरतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हरकत तोंडी असली तरी तलाठ्याने ती तक्रार नोंदवहीत लिहायची असते आणि लगेच लेखी पोच द्यायची असते. तेव्हा तळाशी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात:

तलाठ्याकडून पोच घ्या.
पोच म्हणजे तुम्ही सांगितल्याचा कागद.