गच्चीवरचं पाणी उतरलं म्हणजे गळलंच का?

"गच्चीचं नवं वॉटरप्रूफिंग झालं की सगळे पाईप बंद करून दोन दिवस पाणी भरा. जितकं जास्त पाणी, तितकी कडक टेस्ट. पाणी कमी झालं तर काम फेल. पाणी तेवढंच राहिलं आणि खाली छत कोरडं असलं तर काम पास. लगेच शेवटचा हप्ता देऊन टाका."

दर उन्हाळ्यात हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतो. पाणी भरून बघायचा सल्ला बरोबर आहे. पण निकाल वाचायची जी रीत त्यात सांगितली आहे, तिने खान्देशातल्या मे महिन्यात चांगलं काम फेल ठरेल आणि गळकं काम पास होऊन जाईल.

पहिल्यांदा "जितकं जास्त पाणी". एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो. साध्या आरसीसी गच्चीचं डिझाइन करताना वावरायचा भार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरतात. शंभर मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर किलो, तिथपर्यंत ठीक. कठड्याच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे दीड फूट भरलं तर साडेचारशे किलो होतात. एवढा भार त्या स्लॅबने कधी पाहिलेला नसतो आणि नव्या भेगा या टेस्टनेच पडू शकतात. शिवाय वाढीव खोलीने फारसं काही कळत नाही. गळायचं असेल तर ते चार बोटं पाण्यातही गळतं. जुन्या घराचं गर्डर-फरशीचं छत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी कोंडूच नये, आणि मातीच्या धाब्यावर तर हा प्रयोग नकोच.

किती भरायचं ते उतारावरून ठरतं. सगळ्यात उंच भाग बुडला पाहिजे, नाहीतर तिथली तपासणी झालीच नाही. बाहेरच्या देशांतला पुस्तकी नियम उंच टोकाला एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात तेवढं पाणी दोन दिवस संपेपर्यंत उंच बाजूला जेमतेम उरतं. म्हणून मी तिथे ४० धरतो.

आता "पाणी कमी झालं तर फेल". भुसावळ-जळगावात पारा ४५ ला टेकलेला असतो, वर झळा सुटलेल्या, खालून तापलेला स्लॅब. अशा गच्चीवरून दिवसाला दहा-बारा मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. दोन दिवसांत इंचभर पाणी उतरलं म्हणून कंत्राटदाराशी भांडण काढणारे मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक थेंबही गळलेला नव्हता. त्यात आणखी एक गोष्ट असते. कोटिंगवर संरक्षणाचा मसाला केलेला असेल तर तो पहिले काही तास पाणी पितो. म्हणून भरल्या भरल्या खूण करायची नाही. संध्याकाळी भरायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पुन्हा पातळीला आणून मग पहिली खूण.

उडालेलं आणि गळालेलं पाणी वेगळं कसं करायचं? घरातली मोठी परात घ्या. गच्चीवरच्या पाण्यातच ती ठेवा आणि आत बाहेरच्याइतकंच पाणी भरा. परातीतलं पाणी तेच ऊन आणि तोच वारा खातं, फक्त तिच्या तळातून गळत नाही. परातीत जितकं उतरलं तितकं उन्हाने नेलं. गच्चीवर त्याहून जास्त उतरलं असेल, तर तो फरक गेला कुठे ते शोधायचं. बादली नको, तिच्या उंच काठाने ऊन-वारा अडतो आणि आकडा फसवा येतो.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या बाजूचं एक घर सांगतो. गच्ची तीस बाय वीस फूट, म्हणजे ५६ चौरस मीटर. उतार शंभराला एक, वीस फुटांच्या दिशेने, त्यामुळे उंच कडेला ४० मिलिमीटर आणि पाईपाच्या तोंडाशी १०० मिलिमीटर पाणी. सरासरी ७०, म्हणजे जवळपास ३९०० लिटर, एक छोटा टँकर. पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीत एवढं पाणी गच्चीवर ओतताना घरातल्या बाईंचा जीव खालीवर होत होता, ते वेगळं. खूण केल्यापासून ४८ तासांनी परातीत २२ मिलिमीटर उतरलं होतं आणि गच्चीवर ३३. फरक ११ चा. ५६ ने गुणलं की सहाशे लिटरच्या वर, म्हणजे तीन पिंप पाणी. आणि खाली छत कोरडं ठणठणीत!

मालक म्हणाले, "नाना, छत कोरडं आहे ना, मग पास समजा की." मिस्तरीही मान हलवायला लागला. पण तीन पिंप पाणी स्लॅबमध्ये गेलं असतं तर छत कोरडं राहिलंच नसतं. म्हणून आधी खाली जाऊन पावसाच्या पाईपाचं तळाचं टोक पाहिलं. बोळीतली माती तिथे चिखल झालेली, पाईपातून मोठी धार नाही पण बारीक धार अखंड चालू. वरचं लाकडी बूच नुसतं गोणपाट गुंडाळून ठोकलेलं होतं. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, पुन्हा पाणी भरलं. या वेळी परातीत २२, गच्चीवर २३. तेव्हा पाणी उतरलेलं दिसलं की वॉटरप्रूफिंगला शिव्या घालण्याआधी बुचाला विचारा. बूच बसवताना ते पाईपात जरा खोल बसवा. कोटिंग आणि पाईपाचा सांधा बुडला पाहिजे, कारण गच्च्या फार वेळा तिथूनच गळतात. बूच वरच ठोकलं तर नेमका तोच सांधा झाकला जातो.

मग २२ आणि २३, म्हणजे पास? इथेच मेसेजचं चौथं, "काम पास"वालं वाक्य पडतं. एक मिलिमीटर ही पट्टी वाचण्यातलीच चूक असू शकते. पण या गच्चीवर एक मिलिमीटर म्हणजे ५६ लिटर पाणी. त्यातलं थोडंसं जरी खोलीत उतरलं तरी भिंतीचा रंग जातो. पट्टीला मोठी गळती कळते, बारीक झिरप कळत नाही. बारीक झिरप फक्त खालून कळते, आणि खालून बघणं म्हणजे मान वर करून एक चक्कर मारणं नव्हे.

स्लॅब चार-पाच इंच जाड असतो, त्यावर कोबा असेल तर आणखी तितकंच. त्यातून पाण्याला वाट काढायला वेळ लागतो. कोब्यातल्या विटांच्या तुकड्यांत मुरलेलं पाणी गच्ची रिकामी केल्यावरही खाली सरकत राहतं. त्यात आपली कोरडी हवा. खोलीत पंखा फिरत असेल तर छतातून येणारा ओलावा प्लास्टरवर डाग पडायच्या आतच उडून जातो. मे महिन्यात कोरडं दिसलेलं छत जुलैत, हवा दमट झाली की, ओलं दिसायला लागतं. लोक म्हणतात पावसाने काम बिघडलं. बऱ्याचदा ते मे महिन्यातही तसंच असतं.

यावर साधा उपाय आहे. पारदर्शक प्लास्टिकचे फूटभर चौरस तुकडे छताला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचे. तुळई आणि स्लॅबच्या कोपऱ्याशी, पाईप जिथून स्लॅब भेदतो तिथे, न्हाणीघराच्या वर, आणि एक मधोमध. पाणी भरायच्या आधी एक दिवस लावून बघायचे, कारण जुना ओलावा आधीच मुरलेला असेल तर तो त्यातच कळतो. जुन्या डागांभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख टाकायची, फोटो काढायचा. मग पाणी भरायचं. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, म्हणजे छताच्या बाजूला, बारीक थेंब धरले तर ओलावा स्लॅबमधून येतोय. खोलीच्या बाजूने थेंब असतील तर ती खोलीतलीच वाफ. छतावर पीओपी असेल तर एखादं पॅनल काढावंच लागतं. पंख्याच्या हुकाशी ओल दिसली तर तिथेच वर भोक आहे असं समजू नका. पाणी वायरच्या नळीतून लांबून येतं. मात्र त्या खोलीचा एमसीबी आधी पाडून ठेवा.

पिंप्राळ्याच्या घरी आधीचा दिवसभर सगळी प्लास्टिकं कोरडी होती. पाणी भरलेलं असतानाही कोरडीच राहिली. गच्ची रिकामी केल्याच्या दुसऱ्या सकाळी मागच्या खोलीतल्या एका तुकड्याच्या आत घाम धरला. तो तुकडा टाकीचा पाईप स्लॅबमधून उतरतो त्याच्या शेजारी लावलेला होता. मेसेजप्रमाणे शेवटचा हप्ता देऊन टाकायची वेळ तोपर्यंत उलटून गेली असती. पाईपाभोवती कोटिंग खरवडून खाच मारली, आक्रसत नाही असा ग्राउट भरला, वर फायबरच्या जाळीसकट कोटिंगचे दोन हात दिले. ते पुरतं सुकल्यावर सगळी गच्ची नव्हे, तेवढाच कोपरा अडवला. बांधाच्या जागेपुरतं प्लास्टिक अंथरून त्यावर मातीचा बांध घातला आणि पाणी कोंडलं. नंतरचा तुकडा कोरडा राहिला. मोठ्या गच्चीवर असे वाफे पाडूनच टेस्ट घेतली तर भारही कमी येतो आणि गळती कुठल्या वाफ्यात आहे तेही कळतं.

हे सगळं इतक्या सोप्यात निभावलं, कारण कोटिंगवर अजून चायना मोझेक बसवलेलं नव्हतं. टाइल बसवून झाल्यावर पाणी भरणाऱ्याला गळतं एवढंच कळतं. भोक शोधायला टाइल फोडावी लागते, आणि फोडताना चांगलं कोटिंगही जातं. कोटिंग सुकायच्या आधीही पाणी कोंडायचं नाही. किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, मिस्तरीच्या घाईवर सोडू नका.

उरली एक गोष्ट, जी या टेस्टमध्ये येतच नाही. पाणी चार बोटं असतं, तेव्हा कठड्याच्या मुळाशी मसाल्याची जी गोलाई, म्हणजे वाटा, केलेला असतो तो पाण्याच्या वर जिथे संपतो ती रेघ आणि जिन्याच्या खोलीचा उंबरा कोरडेच राहतात. पाऊस मात्र तिरपा मारतो. म्हणून गच्ची रिकामी करून खालची प्लास्टिकं चार दिवस शांतपणे पाहून झाली, की नळीने कठड्याच्या खालच्या फूटभर भागावर चांगलं अर्धा तास पाणी मारा, खाली कोणाला तरी भिंतीशी उभं करून. कोंडलेलं पाणी सोडताना बूच एकदम उपटू नका, थोडं थोडं सोडा. आणि शेवटी कुठे थारोळी उरतात ते बघा, तिथे उतार चुकलाय. कुंपणाजवळची झाडं आणि शेजारच्या बांधकामाचं क्युअरिंग, दोन्ही त्या पाण्यावर निघतात. प्यायच्या टाकीत मात्र ते चढवू नका.