डिव्हाइस तीनच, मग 'लिमिट संपली' कशी?

व्हिडिओ ॲपचं पैसे भरून घेतलेलं सबस्क्रिप्शन, पाच डिव्हाइसचा प्लॅन, घरात चालू डिव्हाइस मोजून तीन. तरी चौथ्यावर लॉगिन करायला गेलं की स्क्रीनवर येतं, डिव्हाइसची मर्यादा संपली. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता सविस्तर लिहितेच. बहुतेकांना वाटतं, कुणीतरी आपला पासवर्ड चोरला. तसं क्वचित असतंही, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं आणि त्यात ग्राहकाची काहीही चूक नसते.

कंपनीच्या सर्व्हरला तुमचा टीव्ही किंवा फोन दिसत नाही. त्याला दिसते फक्त एक नोंद. तुम्ही लॉगिन केलं की ॲप किंवा ब्राउझर स्वतःसाठी एक ओळख क्रमांक तयार करतो, तो त्याच डिव्हाइसवर साठवून ठेवतो आणि सर्व्हर तो क्रमांक तुमच्या खात्याला जोडतो. मर्यादा मोजली जाते ती या क्रमांकांची. क्रमांक पुसला गेला, की तेच जुनं डिव्हाइस सर्व्हरच्या लेखी कोरं करकरीत नवं ठरतं. जुनी नोंद मात्र जागा अडवून तशीच बसते.

आणि हा क्रमांक पुसला जाणं अगदी रोजचं आहे. ब्राउझरच्या कुकीज साफ केल्या, ॲपचा डेटा क्लिअर केला, टीव्ही अडकत होता म्हणून फॅक्टरी रीसेट केला, इन्कॉग्निटो विंडोत एकदा लॉगिन केलं, की झाली नवी नोंद. एकाच लॅपटॉपवर क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही वापरत असाल तर सहसा त्या दोन नोंदी. टीव्हीतलं ॲप आणि त्याच टीव्हीला लावलेली स्टिक, याही दोन. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ॲप अनइन्स्टॉल करणं. लोकांना वाटतं ॲप काढलं म्हणजे साइन आउट झालं. पण ॲप काढून टाकताना सर्व्हरला निरोप जात नाही. साइन आउटचं बटण दाबलं तरच तो जातो.

माझ्या ताईच्या घरी नेमकं हेच झालं. दाजींनी नवा फोन घेतला आणि त्यावर लॉगिन होईना. मी तिला खात्याच्या सेटिंगमधलं Manage devices हे पान उघडायला लावलं. तिथे पाच ओळी होत्या: एक Android TV, दोन Android Phone आणि दोन Chrome – Windows. घरात लॅपटॉप एकच. ताई घाबरलीच, म्हणाली, "अगं, दुसरं क्रोम कुणाचं? कुणी बाहेरचं बघतंय का?"

दोन फोनपैकी एक ताईचा, दुसरा दाजींचा जुना, जो एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला. फोन देताना रीसेट केला होता, पण त्याआधी ॲपमधून साइन आउट केलं नव्हतं, त्यामुळे नोंद राहिली. त्या ओळीपुढची शेवटच्या वापराची तारीख फोन बदलण्याच्या आधीची होती, म्हणून ती ओळखता आली आणि काढता आली.

खरा गुंता क्रोमचा. दोन्ही ओळींचं नाव एकच आणि तारीख दोघींपुढेही नाही. अशा वेळी कुठली जिवंत आणि कुठली मेलेली हे ओळखायचा एक साधा उपाय आहे. ताईला लॅपटॉपवरून नीट साइन आउट करायला सांगितलं आणि फोनवर तेच पान रिफ्रेश केलं. एक ओळ नाहीशी झाली, म्हणजे ती लॅपटॉपची होती. उरलेली ओळ कुठल्याच चालू डिव्हाइसची नव्हती. भाच्याने मध्यंतरी लॅपटॉप हळू चालतो म्हणून साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवलं होतं, त्यात कुकीज गेल्या आणि नंतर पुन्हा लॉगिन केल्यावर नवी ओळ तयार झाली. उरलेली ओळ काढली, लॅपटॉपवर पुन्हा साइन इन केलं आणि दाजींचा फोन सुरू झाला. तारखेशी किंवा घरातल्या आठवणीशी जुळत नाही अशी ओळ सापडली, तर मात्र पासवर्ड बदलाच, आणि बदलताना सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करण्याचा पर्याय असेल तर तोही निवडा. काही ठिकाणी नुसता पासवर्ड बदलून जुनं लॉगिन तुटत नाही.

एक फरक मात्र आधी बघून घ्या. संदेश लॉगिन करताना आला, तर तो सहसा नोंदणीच्या मर्यादेचा. लॉगिन व्यवस्थित होऊन प्ले दाबल्यावर आला, तर तो एकाच वेळी किती स्क्रीन चालतात त्या मर्यादेचा, आणि त्यासाठी यादी साफ करून काही हाती लागत नाही. चालू व्हिडिओ ठरावीक वेळाने सर्व्हरला 'मी चालू आहे' असं कळवत राहतो. टीव्ही थेट भिंतीवरच्या बटणाने बंद केला तर 'थांबलो' हा निरोप जात नाही आणि सर्व्हर काही वेळ ती स्क्रीन चालूच धरतो. थोडं थांबलं की ती आपोआप सुटते. स्टिकचा प्रकार आणखी वेगळा. तिला वेगळा ॲडॉप्टर असेल तर रिमोटने टीव्ही बंद केला तरी स्टिक चालूच राहू शकते, आणि अंधाऱ्या टीव्हीमागे एकामागून एक भाग चालत राहतात. म्हणून आधी व्हिडिओ थांबवा, ॲपमधून बाहेर पडा, मग टीव्ही बंद करा.

आता माझं म्हणणं. मर्यादा असायला माझी हरकत नाही. एका सबस्क्रिप्शनवर दहा घरं चालू नयेत, हे कंपनीचं म्हणणं रास्त आहे. पण मेलेल्या नोंदी मोजून पैसे भरणाऱ्या माणसाला दाराबाहेर उभं करणं मला अजिबात मान्य नाही. जी नोंद अनेक महिने वापरलेली नाही ती स्वतःहून बाद करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्पॉटिफायमध्ये ऑफलाइन गाणी पाच डिव्हाइसवर ठेवता येतात, आणि सहाव्यावर डाउनलोड केलं की सगळ्यात जास्त काळ न वापरलेल्या डिव्हाइसवरची डाउनलोड काढली जातात. ग्राहकाला अडवलं जात नाही. व्हिडिओवाल्यांनीही हेच करावं. निदान प्रत्येक ओळीपुढे शेवटच्या वापराची तारीख द्यावी, ओळीला स्वतःचं नाव देऊ द्यावं आणि मर्यादेचा संदेश येतो त्याच स्क्रीनवर ती यादी दाखवावी. आज अनेक ठिकाणी यादी सेटिंगमध्ये खोल दडलेली असते, टीव्हीच्या ॲपमध्ये तर कित्येकदा नसतेच, आणि काही ठिकाणी एकच पर्याय असतो, सगळीकडून साइन आउट.

तो पर्याय वापरावा लागलाच तर लगेच पुन्हा लॉगिन करायची घाई करू नका. सर्व्हरने डिव्हाइसला आधी दिलेली लॉगिनची परवानगी तिची मुदत संपेपर्यंत चालू राहू शकते, त्यामुळे जुनी डिव्हाइस सुटायला काही सेवांमध्ये तासही लागतात. तेवढं थांबूनही तोच संदेश आला तर कस्टमर केअरला नुसतं 'लॉगिन होत नाही' म्हणू नका, नाहीतर ॲप काढून पुन्हा टाकायला सांगतील आणि त्यातून आणखी एक नोंद वाढू शकते. माझ्या खात्यावर कुठल्या डिव्हाइसच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक शेवटची कधी वापरली गेली, हे विचारा आणि जुन्या नोंदी त्यांच्या बाजूने काढायला लावा.