काठाला पाणी लागलं म्हणजे टाकी अर्धी? डबा घेऊन बघा

«आयताकृती टाकी 45 अंशांत तिरकी करा. पाणी काठाला जेमतेम लागलं की टाकी बरोब्बर अर्धी भरलेली आहे असं समजा. टाकीची उंची भागिले दोन, हीच पाण्याची खोली. टाकीचं माप कुठलंही असो, उत्तर हेच. खात्री हवी असेल तर तिरक्या टाकीत सगळ्यात खोल जागी पाणी मोजा आणि त्याचं निम्मं करा.»

हा मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून आला, आणि दहावीच्या मुलांनी तो वहीत उतरवून घेतलेला पाहिला तेव्हा राहवलं नाही. म्हणून एक डबाच घेतला. सरळ भिंतींचा, पारदर्शक, आतून 20 सेंमी लांब, 10 सेंमी रुंद आणि 12 सेंमी उंच. काठोकाठ भरला तर त्यात 2400 मिली पाणी मावतं, म्हणजे अर्धा डबा 1200 मिली.

आधी 45 अंशांचं बघू. डबा काठोकाठ भरून परातीत ठेवला आणि 10 सेंमीच्या कडेवर टेकवून हळूहळू तिरका केला. कंपासपेटीतला 45 अंशांचा गुण्या बाजूला धरून तळ त्याच्या तिरक्या कडेला जुळवला. जास्तीचं पाणी सांडून गेलं, आणि उरलेलं पाणी खालच्या भिंतीच्या काठाला बरोबर टेकलेलं राहिलं. बाजूच्या भिंतीतून पाहिलं तर पाण्याचा आकार म्हणजे स्वच्छ काटकोन त्रिकोण. इथे मुलं हमखास चुकतात: काटकोन पाण्याच्या पृष्ठभागाशी काढतात. काटकोन असतो डब्याच्या खालच्या कोपऱ्यात, तळ आणि भिंत मिळतात तिथे, कारण डबा तिरका झाला तरी त्याचे कोपरे बदलत नाहीत. पाण्याचा पृष्ठभाग हा त्या त्रिकोणाचा कर्ण. तो टेबलाला समांतर असतो, म्हणून तळाशी त्याचा कोन डबा जेवढा तिरका केला तेवढाच होतो. व्युत्क्रम कोन, दुसरं काही नाही.

आता एक भुजा म्हणजे पूर्ण भिंत, 12 सेंमी. कोन 45 अंशांचा, म्हणून तळावरची भुजाही 12 सेंमी. तळ 20 सेंमी लांब आहे, त्यातला 8 सेंमी कोरडा राहिला. त्रिकोणाचं क्षेत्रफळ 72 चौरस सेंमी. डबा सरळ ठेवला की तेच 72 चौरस सेंमी पाणी 20 सेंमी लांबीच्या आयतात पसरतं, म्हणून खोली 72 ÷ 20 = 3.6 सेंमी. दाव्यानुसार 6 सेंमी हवी होती. मापट्यात ओतलं तर हिशेबाने 720 मिली यायला हवं. माझ्याकडे त्याहून थोडंसं जास्त आलं, कारण काठावर पाणी जरासं फुगून थांबतं. पण 1200 च्या आसपासही फिरकलं नाही.

«माप कुठलंही असो» हे तर त्याच डब्याने मोडून पडतं. आता डबा 20 सेंमीच्या लांब कडेवर टेकवून तिरका करा, म्हणजे आडवा तळ 10 सेंमीचाच राहतो. कोन तोच, 45. पाण्याला तळावर 12 सेंमी जागा हवी आहे आणि आहे फक्त 10, तेव्हा त्रिकोण पुरा होतच नाही. पाणी समोरच्या भिंतीवरही 2 सेंमी चढतं आणि छेद समलंब चौकोनाचा होतो: एका बाजूला 12, दुसऱ्या बाजूला 2, मधलं अंतर 10. क्षेत्रफळ 70, सरळ ठेवल्यावर खोली 7 सेंमी. एकच डबा, एकच कोन, दोन्ही वेळा पाणी काठाला लागलेलं, एकदा 3.6 आणि एकदा 7. अर्धा डबा कुठेच नाही.

मग हे «अर्ध्याचं» आलं कुठून? मूळ युक्ती खरी आणि सुंदर आहे. पाणी एकाच वेळी खाली काठाला आणि वर तळाच्या समोरच्या कडेला टेकलं, तर पृष्ठभाग म्हणजे आयताचा कर्ण होतो आणि कर्ण आयताचे दोन समान भाग करतो. त्यात कोन ठरवून दिलेला नसतो, तो डबाच ठरवतो. माझा डबा एका दिशेने साधारण 31 अंशांना आणि दुसऱ्या दिशेने साधारण 50 अंशांना अर्धा होतो. 45 अंश येतात ते उंची आणि आडवी लांबी समान असेल तेव्हाच. कुणीतरी घनाकृती टाकीचं उदाहरण सोडवलं असावं आणि पुढे पाठवताना तळाच्या कडेची अट गळून गेली असावी, असं मला वाटतं.

आता त्या खात्रीच्या उपायाकडे. त्रिकोणाच्या प्रयोगात सगळ्यात खोल जागी, म्हणजे टेकलेल्या कोपऱ्यावर, पाणी उभ्या रेषेत 8.5 सेंमी भरतं. निम्मं केलं तर 4.2. म्हणजे दाव्याचा स्वतःचाच पडताळा (4.2) त्याच्या स्वतःच्याच उत्तराशी (6) जुळत नाही, आणि खरं उत्तर या दोन्हींहून वेगळं, 3.6. निम्मं करणं तसं निराधार नाही. त्रिकोणी छेदात सरासरी खोली सर्वाधिक खोलीच्या निम्मीच असते, पण ती तिरक्या स्थितीतल्या पृष्ठभागावरची सरासरी. तो पृष्ठभाग इथे जवळजवळ 17 सेंमी लांब आहे. डबा सरळ केला की तेच पाणी 20 सेंमीवर पसरतं, म्हणून पातळी आणखी उतरते. 4.24 ला 17 ने गुणून 20 ने भागा, 3.6 मिळतात.

खरं तर कोन मोजायची गरजच नाही. पाणी काठाला टेकलेलं असताना तळाचा किती भाग ओला आहे तेवढं पट्टीने मोजा:

खोली = उंची × तळाची ओली लांबी ÷ (2 × तळाची पूर्ण लांबी)

आमच्या डब्यात 12 × 12 ÷ 40, म्हणजे 3.6. ओली लांबी मोजताना 1 सेंमी चुकलात तर उत्तरात फक्त 3 मिमीचा फरक पडतो. मापं मात्र आतली घ्या, भिंतीची जाडी धरू नका. आणि समोरची भिंत ओली झाली असेल तर हे सूत्र सोडून द्या. तेव्हा दोन्ही भिंतींवरची ओली उंची मोजून त्यांची सरासरी काढा, ती सरासरीच खोली असते: 12 आणि 2 ची 7.

रुंदीचा या हिशेबात संबंध येत नाही, कारण छेद सगळीकडे सारखाच असतो. अट एवढीच की डबा पूर्ण कडेवर टेकलेला हवा. ते ओळखायचं कसं, तर तळावरची ओल्या-कोरड्याची रेघ बघा. ती टेकलेल्या कडेला समांतर असेल तर त्रिकोणाचा हिशेब चालतो. ती तिरपी गेली असेल तर डबा एका कोपऱ्याकडे झुकला आहे, छेद जागोजागी वेगळा झाला आहे, आणि डबा नीट टेकवून पुन्हा मोजायला हवं.